टॉयलेट क्लीनर, ब्लीच आणि फिनाईल: कोणतं कशासाठी वापरावं आणि कोणते दोन कधीच एकत्र का करू नयेत?

संडासच्या भांड्यात निळं क्लीनर टाकलं, ब्रशने घासलं, तरी कडेचा पिवळा पट्टा गेला नाही. मग 'जरा कडक काहीतरी' म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं जातं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की काम दुप्पट होईल, असा त्यामागचा हिशेब असतो. प्रत्यक्षात उलट घडतं. दोन्हींची साफ करायची ताकद तिथेच खर्च होते आणि भांड्यातून क्लोरीन वायू बाहेर पडू लागतो.

हे टाळायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बाटलीत काय आहे, डाग कशाचा आहे आणि खालची फरशी कोणती आहे, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की पुरतं.

कंपनीचं नाव नाही, घटक वाचा

दुकानात सफाईच्या पन्नास बाटल्या दिसल्या तरी त्यांच्या आत मुख्यतः तीनच प्रकारची रसायनं असतात. ती बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलेली असतात.

पहिला प्रकार आम्लाचा. संडासच्या भांड्यासाठी मिळणाऱ्या जाड, निळ्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण १० टक्के. दारावर किंवा हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं 'ॲसिड' हेही तेच, पण त्याच्या दुपटीहून जास्त तीव्र असू शकतं. त्याचा वास झोंबतो आणि झाकण उघडताच धूर दिसतो. नळाचे डाग काढणाऱ्या काही सौम्य क्लीनरमध्ये सायट्रिक ॲसिड असतं. तेही आम्लच.

दुसरा प्रकार क्लोरीनवाल्या ब्लीचचा. द्रवरूप ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराईट असतं, घरगुती बाटलीत साधारण ४ ते ५ टक्के. पाण्याच्या टाकीत किंवा गटारावर टाकायची पांढरी ब्लीचिंग पावडर कॅल्शियमच्या हायपोक्लोराईटची असते. दोन्हींचा वास पोहण्याच्या तलावासारखा येतो.

तिसरा प्रकार रोजच्या लादी पुसण्याचा. सुगंधी फ्लोअर क्लीनरमध्ये जंतुनाशक म्हणून बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराईड असतं. पांढऱ्या फिनाईलमध्ये पाईन तेल असतं, तर काळं फिनाईल कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांचं बनतं. बेंझाल्कोनियमच्या नावात 'क्लोराईड' असलं तरी ते ब्लीच नाही. 'हायपोक्लोराईट' आणि 'क्लोराईड' हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि लेबल वाचताना इथेच गल्लत होते.

डाग कशाचा, त्यावर बाटली ठरते

बोअरचं पाणी असलेल्या घरात नळाखाली, बादलीच्या आत आणि संडासच्या भांड्यात पांढरट, खरखरीत थर बसतो. तो चुन्याच्या क्षारांचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा थर असतो. आम्ल त्याला विरघळवतं, आणि तसं करताना बारीक बुडबुडे येतात. भांड्याच्या कडेचा पिवळा पट्टाही बहुधा लघवीतले आणि पाण्यातले क्षार एकमेकांवर साचून झालेला असतो. त्यालाही आम्लच लागतं.

ब्लीच इथे फसवतं. ते क्षाराचा थर काढत नाही, फक्त त्यातला रंग उडवतं. डाग गेल्यासारखा वाटतो, पण खरखरीत थर तसाच राहतो आणि चार दिवसांत पुन्हा पिवळा होतो. पाण्यात लोह असेल तर तांबूस डाग ब्लीचने अधिकच गडद होऊ शकतात, कारण ब्लीच लोहाला आणखी गंजवतं.

ब्लीचचं खरं काम जंतू मारणं आणि बुरशी घालवणं. मोरीच्या कोपऱ्यातले काळे ठिपके, टाइल्सच्या सांध्यांमधली काळी रेघ, घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्यावर संडास निर्जंतुक करणं, ही ब्लीचची कामं आहेत. मात्र आधी साबणाच्या पाण्याने घाण धुऊन काढावी लागते. माती, चिकटपणा आणि विष्ठा ब्लीचची ताकद आधी खाऊन टाकतात, जंतूंपर्यंत फार काही पोचत नाही.

ब्लीचचं प्रमाणही ठरलेलं असतं. ४ टक्क्यांचं ब्लीच २५ मिलीलिटर आणि साधं गार पाणी १ लिटर, असं मिसळलं की साधारण ०.१ टक्के तीव्रतेचं द्रावण होतं. धुतलेल्या पृष्ठभागावर ते दहा मिनिटं ओलं राहू द्यावं आणि मग पाणी मारावं. गरम पाण्यात ब्लीच लवकर निकामी होतं. केलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यातही अर्थ नसतो.

रोजच्या लादीला यातलं काहीच लागत नाही. बादलीभर पाण्यात लेबलवर दिलंय तेवढं फ्लोअर क्लीनर पुरतं. त्यात मूठभर कपड्यांची पावडर टाकायची सवय मात्र सोडावी. कपड्यांच्या पावडरीतला साबणी घटक आणि बेंझाल्कोनियम एकमेकांना चिकटून निकामी होतात. विषारी काही घडत नाही, पण जंतुनाशकाचे पैसे वाया जातात. घरात मांजर असेल तर काळं फिनाईल टाळावं. त्यातले फिनॉल गटाचे घटक मांजराच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर लादीवर चालून पंजे चाटतं.

फरशी कशाची आहे?

आम्ल चुन्याचा थर खातं, हे ध्यानात घेतलं की पुढची गोष्ट आपोआप कळते. जी फरशी स्वतःच चुन्याच्या दगडाची आहे, तिलाही आम्ल खाणार.

संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत, चाळींत आणि वाड्यांत दिसणारी शहाबादी फरशी, जिन्यावरचा कोटा, ओट्याखालचा काळा कडप्पा, हे सगळे चुनखडीचेच दगड आहेत. जुन्या इमारतींतली मोझॅक टाइल म्हणजे सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे. या सगळ्यांवर टॉयलेट क्लीनर सांडलं आणि तसंच राहिलं, तर पॉलिश जाऊन पांढुरका, खडबडीत डाग पडतो. तो डाग म्हणजे चिकटलेली घाण नव्हे, तर खरवडला गेलेला दगड. म्हणून तो कितीही घासला तरी निघत नाही. त्याला पुन्हा पॉलिश करणं हाच उपाय. खडबडीत झालेला दगड मळही जास्त धरतो. मग तो मळ काढायला पुन्हा ॲसिड वापरलं जातं आणि फरशी दर वेळी थोडी झिजते.

ग्रॅनाईट, चकचकीत सिरॅमिक टाइल आणि व्हिट्रिफाइड टाइल यांना हायड्रोक्लोरिक ॲसिड सहसा काही करत नाही. पण दोन टाइल्समधला सांधा सिमेंटचा असेल तर तो हळूहळू झिजतो. सांधे पोकळ झाले की पाणी खाली मुरतं आणि खालच्या मजल्यावरच्या घराच्या छताला ओल दिसते. स्टीलची जाळी, नळ आणि दाराच्या कड्या आम्लाच्या नुसत्या वाफेनेही गंजतात. तीव्र ब्लीचही स्टीलवर बारीक खड्डे पाडतं.

दगड ओळखता येत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. कपाटामागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात किंवा उरलेल्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकायचे, पाच मिनिटांनी पुसायचे आणि तिरप्या उजेडात बघायचं. बुडबुडे आले किंवा तेवढीच जागा निस्तेज दिसली, तर त्या फरशीला कुठलंच आम्ल लावायचं नाही. व्हिनेगर आणि लिंबूही नाही. 'नैसर्गिक' असल्याने दगडाला फरक पडत नाही.

आम्ल आणि ब्लीच एकत्र आल्यावर काय घडतं?

ब्लीच बाटलीत टिकून राहतं ते अल्कधर्मी असल्यामुळे. त्यात आम्ल पडलं की तो तोल मोडतो आणि क्लोरीन सुटा होऊन वायूच्या रूपात बाहेर येतो. रसायनशास्त्राच्या भाषेत ते असं लिहितात:

```
NaOCl + 2HCl → NaCl + H₂O + Cl₂
```

डावीकडे ब्लीच आणि ॲसिड आहे. उजवीकडे उरतं ते मीठ, पाणी आणि क्लोरीन. जंतू मारणारं ब्लीच गेलं, क्षार विरघळवणारं ॲसिडही गेलं. म्हणजे ही जोडी साफसफाई म्हणूनही तोट्याची आहे.

वायू किती होतो, याचा हिशेब घरच्याच मापाने करता येतो. ४ टक्क्यांचं १०० मिलीलिटर ब्लीच घेतलं, म्हणजे साधारण अर्धा पेला. त्याला पूर्ण फोडायला १० टक्क्यांचं टॉयलेट क्लीनर ४० मिलीलिटर पुरतं. भांड्याच्या कडेने एक फेरी मारली तरी एवढं सहज पडतं. त्यातून पावणेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वा लिटरहून थोडा जास्त क्लोरीन तयार होऊ शकतो.

आता संडास ४ फूट बाय ५ फूट आणि उंची ८ फूट धरू. त्यात सुमारे साडेचार हजार लिटर हवा मावते. सगळा क्लोरीन या हवेत मिसळला तर दर दहा लाख भाग हवेत त्याचे जवळपास २९० भाग होतील. प्रत्यक्षात सगळा वायू बाहेर पडत नाही, काही पाण्यात विरघळून राहतो. समजा फक्त दहावा हिस्सा बाहेर आला, तरी ते प्रमाण २९ होतं. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या 'निऑश' या सरकारी संस्थेने क्लोरीनची 'जीवाला आणि आरोग्याला तात्काळ धोका' असलेली पातळी १० ठरवली आहे. म्हणजे अर्धा पेला ब्लीच आणि क्लीनरची एक फेरी, एवढ्यावर बंद संडासात ही मर्यादा तिपटीच्या जवळ ओलांडली जाऊ शकते.

शिवाय क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो वर न जाता आधी खाली, भांड्याभोवती आणि फरशीलगत साचतो. वरची खिडकी उघडी असली तरी उकिडवं बसून किंवा वाकून घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं.

एकाच वेळी ओतलं नाही, तरीही

बहुतेकांना वाटतं की मुद्दाम दोन बाटल्या मिसळल्या तरच धोका. खरी अपघातांची वाट वेगळीच असते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बर्लिंग्टन इथल्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात आम्लवालं क्लीनर जमिनीवर सांडलं होतं. नंतर दुसऱ्या कर्मचाऱ्याने त्याच फरशीवर सफाईसाठी क्लोरीनवालं क्लीनर टाकलं. फरशीवर बुडबुडे येऊ लागले आणि ते मिश्रण हिरवं झालं. तो कर्मचारी बाहेर पडला. व्यवस्थापक मात्र ते मिश्रण इमारतीबाहेर ढकलायला आत गेला. त्यात त्याचा मृत्यू झाला आणि आणखी दहाहून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. दोन्ही क्लीनर रोजच्या वापरातली होती, आणि ती दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी टाकली होती.

घरात हे असं घडतं: रात्री भांड्यात ब्लीच टाकून ठेवलं, सकाळी सफाईला आलेल्या मावशींनी नेहमीप्रमाणे निळं क्लीनर टाकलं. भांड्याच्या वाकलेल्या नळीत नेहमी पाणी साठलेलं असतं, आणि रात्रीचं ब्लीच त्याच पाण्यात असतं. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपचंही तसंच. फ्लशच्या टाकीत टाकायच्या काही वड्या क्लोरीन सोडणाऱ्या असतात, त्यामुळे दर फ्लशला ब्लीचच भांड्यात येतं. एकाच मगात आधी ॲसिड आणि मग ब्लीच घेतलं जातं. सगळ्यात वाईट म्हणजे सुटं ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं असतं. त्यावर नाव नसतं, आणि ते वापरणारी व्यक्ती विकत आणणारी नसते.

म्हणून नियम 'मिसळू नका' एवढाच पुरत नाही. एका दिवशी एका जागेत एकच प्रकार, हा नियम हवा. आम्ल वापरलं असेल तर लेबलवर सांगितलेला वेळ, साधारण दहा-वीस मिनिटं ठेवून ब्रशने घासायचं, दोनदा फ्लश करायचं आणि ब्रशही धुवायचा. ब्लीचची पाळी दुसऱ्या दिवशी.

ब्लीचच्या आणखी वाईट जोड्या

अमोनिया असलेलं काच पुसायचं क्लीनर आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरामाईन नावाचे वायू होतात. तेही डोळे आणि फुप्फुसं जाळतात. लघवीतही युरिया आणि अमोनिया असतो, म्हणून ब्लीच टाकण्याआधी भांडं फ्लश करून घ्यावं. लिंबू, व्हिनेगर आणि सायट्रिक ॲसिडवालं क्लीनर ही आम्लंच असल्याने त्यांच्यासोबतही ब्लीचमधून क्लोरीन सुटतो. स्पिरिटसारख्या अल्कोहोलसोबत क्लोरोफॉर्म आणि इतर घातक द्रव्यं बनू शकतात. थोडक्यात, ब्लीचचा जोडीदार एकच, साधं पाणी.

वायू सुटला हे कसं ओळखावं आणि काय करावं?

ब्लीचचा नेहमीचा वास आणि क्लोरीनचा वास यात फरक जाणवतो. नेहमीचा वास नाकात राहतो, सुटलेला क्लोरीन घशात अडकतो. डोळ्यांतून पाणी, अचानक खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं आणि भांड्यात फसफसणं ही लक्षणं आहेत. पिवळसर हिरवा रंग दिसायची वाट बघू नये. रंग दिसेपर्यंत प्रमाण फार वाढलेलं असतं.

अशा वेळी हातातलं तिथेच टाकून बाहेर पडावं. बाटली उचलायला, फ्लश करायला किंवा 'मारा' म्हणून सोडा टाकायला थांबू नये. दार उघडं ठेवावं, एक्झॉस्ट फॅनचं बटण बाहेर असेल तर लावावं, आणि घरातल्या सगळ्यांना मोकळ्या हवेत न्यावं. अंगावर उडालं असेल तर ते कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळे धुवावेत.

खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, किंवा त्या माणसाला आधीपासून दमा असेल तर दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. जास्त वायू छातीत गेला असेल तर आधी बरं वाटून काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं, म्हणून त्या रात्री माणसाला एकटं झोपू देऊ नये. कुणी क्लीनर प्यायलं असेल तर उलटी करवू नये. आत जाताना भाजलेली अन्ननलिका बाहेर येताना पुन्हा भाजते. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात जावं.

घरात किती बाटल्या हव्यात?

तीन पुरतात. लादीसाठी एक सौम्य फ्लोअर क्लीनर, भांड्यातल्या क्षारासाठी एक आम्लवालं टॉयलेट क्लीनर आणि जंतू-बुरशीसाठी ब्लीचची एक छोटी बाटली. ब्लीच उन्हापासून लांब आणि आम्लापासून वेगळ्या फळीवर ठेवावं. ते महिनोन् महिने पडून राहिलं की कमजोर होतं, म्हणून मोठा कॅन घेऊ नये.

जपानमध्ये अशा बाटल्यांवर समोरच मोठ्या अक्षरांत 'मिसळणं धोक्याचं' अशी सूचना असते, आणि बाटली आम्लाची आहे की क्लोरीनची, तेही लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बाटलीवर ते मार्करने लिहायला अर्धं मिनिट लागतं. एकीवर 'आम्ल', दुसरीवर 'ब्लीच', आणि दोन्हींवर 'दुसऱ्यासोबत नको'. सफाई करणारी व्यक्ती जी भाषा वाचते, त्या भाषेत लिहावं. तिला वाचता येत नसेल तर एका बाटलीच्या गळ्याला लाल आणि दुसरीच्या गळ्याला पांढरी चिंधी बांधून, लाल आणि पांढरी एका दिवशी वापरायची नाही, एवढं तिला समोर बसून सांगावं.